जीवनसत्त्वे : मेदात विरघळणारी आणि पाण्यात विरघळणारी

माणसाला लागणारी जीवनसत्त्वे तेरा. त्यांपैकी अ, ड, ई आणि के ही चार मेदात म्हणजे तेल-तुपात विरघळतात. ब गटातील आठ आणि क अशी उरलेली नऊ पाण्यात विरघळतात. ही विभागणी जीवनसत्त्वांच्या शोधाइतकीच जुनी आहे. १९१३ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम आणि मार्गरीट डेव्हिस यांना असे आढळले, की काही आहारांवर उंदरांची वाढ खुंटते आणि त्यांना लोणी किंवा अंड्यातील स्निग्ध अंश दिला की ती पुन्हा सुरू होते. हा घटक मेदात विरघळणारा म्हणून ‘अ’ ठरला. तांदळाच्या कोंड्यातला, बेरीबेरी बरा करणारा घटक पाण्यात उतरत होता. तो पुढे ‘ब’ झाला.

कोणते जीवनसत्त्व कशात विरघळते, यावर पुढच्या बऱ्याच गोष्टी ठरतात. ते आतड्यातून रक्तात कसे येते, शरीरात किती काळ साठून राहते, खाण्यातून गेले तर आजार किती दिवसांत दिसतो आणि जास्त झाले तर बाहेर पडते की साचते, हे सगळे त्याच्याशी जोडलेले आहे. नियमाला दोन ठळक अपवाद आहेत आणि डॉक्टरांना ते रोज भेटतात.

आतड्यातून रक्तापर्यंत

मेदात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांना आतड्याची भिंत ओलांडण्यासाठी पित्ताची मदत लागते. यकृतातून आलेले पित्त आहारातील तेल-तुपाचे अतिसूक्ष्म थेंब करते आणि या थेंबांबरोबरच अ, ड, ई आणि के आत शिरतात. तिथून ती थेट रक्तात न जाता आधी लसिकावाहिन्यांतून जातात आणि मग रक्तप्रवाहाला मिळतात. म्हणून गाजर किंवा पालकाला फोडणीचे थोडे तेल मिळाले, तर त्यातील कॅरोटीन जास्त शोषले जाते. रक्तातील ‘ड’ कमी आढळल्यावर दिले जाणारे औषध दुधाबरोबर किंवा जेवणानंतर घ्यायला सांगतात, त्याचेही कारण हेच.

हा मार्ग जिथे अडतो तिथे ही चारही जीवनसत्त्वे एकदम कमी पडू शकतात. पित्तनलिकेत खडा अडकून झालेली कावीळ, स्वादुपिंडाचा जुना दाह आणि आतड्याचे काही जुनाट आजार ही त्याची नेहमीची कारणे आहेत. अशा रुग्णाची विष्ठा तेलकट, फिकट आणि दुर्गंधीयुक्त असते. अडथळ्याच्या काविळीत शस्त्रक्रियेआधी रक्त गोठण्याची चाचणी करून ‘के’चे इंजेक्शन देतात, कारण पित्ताअभावी ‘के’ शोषले गेलेले नसते आणि रक्तस्राव थांबवणारे घटक यकृताला ‘के’शिवाय नीट तयार करता येत नाहीत.

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे आतड्यातून सरळ रक्तात येतात. गरजेपेक्षा जास्त झालेला भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते, ती जास्तीच्या ‘ब-२’मुळे, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. ही जीवनसत्त्वे स्वयंपाकातही निसटतात. तांदूळ बऱ्याच पाण्यांनी धुतला, भाजी चिरून पाण्यात ठेवली किंवा शिजवलेले पाणी ओतून दिले, तर ‘ब’ आणि ‘क’चा मोठा वाटा पाण्याबरोबर जातो.

साठा किती दिवस पुरतो

‘ब-१’ म्हणजे थायामिन याचा शरीरातील साठा सुमारे ३० मिलिग्रॅम असतो आणि आवक बंद झाली तर तो दोन-तीन आठवड्यांत संपत येतो. सतत उलट्या होणारी गरोदर स्त्री, जेवण सोडून दारूवर राहणारा माणूस किंवा रुग्णालयात बरेच दिवस नुसत्या सलाइनवर असलेला रुग्ण यांना म्हणूनच इतक्या लवकर धोका पोचतो. थायामिन नसताना शिरेतून ग्लुकोज दिले तर ते जाळण्यात उरलेला साठाही खर्ची पडतो आणि मेंदूला इजा होते : डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल अडखळते, गोंधळ उडतो. अशा रुग्णाला ग्लुकोजच्या आधी किंवा निदान त्याच्याबरोबर थायामिन देण्याचा दंडक यातूनच आला.

‘क’चा साठा साधारण दीड ग्रॅमचा. तो एक ते तीन महिने पुरतो. लांबच्या सफरीवरील खलाशांना बंदर सोडल्यावर काही आठवड्यांनी स्कर्व्ही गाठत असे. ‘अ’ मात्र यकृतात साठते आणि चांगले खाणाऱ्या प्रौढात ते कित्येक महिने पुरते. लहान मुलांचा साठा तुटपुंजा असतो आणि गोवर किंवा वारंवारच्या जुलाबांत तो झपाट्याने ओसरतो.

‘अ’च्या साठण्याच्या या गुणावरच भारतातील अंधत्वप्रतिबंधक कार्यक्रम उभा आहे. बाळ नऊ महिन्यांचे झाले, की गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर त्याला १ लाख युनिटचा, म्हणजे १ मिलिलिटर द्रवाचा डोस तोंडाने देतात. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट. एकूण नऊ डोस. बाटलीबरोबरच्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर १ आणि २ मिलिलिटरच्या खुणा असतात. सहा महिन्यांचे औषध एकदम पाजणे शक्य होते, कारण यकृत ते साठवते. पाण्यात विरघळणाऱ्या बहुतेक जीवनसत्त्वांच्या बाबतीत अशी योजना चालणार नाही; दिलेले औषध लघवीवाटे निघून जाईल.

आता दोन अपवाद. ‘के’ मेदात विरघळत असूनही फारसे साठत नाही. नवजात बाळाकडे ते जवळजवळ नसतेच, आईच्या दुधातही थोडेच असते आणि आतड्यातील जिवाणू अजून ते बनवू लागलेले नसतात. म्हणून जन्मल्याबरोबर बाळाच्या मांडीत ‘के’चे १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन देतात; अगदी कमी वजनाच्या बाळाला डोस कमी असतो. दुसरा अपवाद ‘ब-१२’. ते पाण्यात विरघळते, तरी यकृतात २ ते ५ मिलिग्रॅम साठून असते. रोजची गरज मात्र २ ते अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजावी अशी. त्यामुळे आवक पूर्ण थांबली तरी कमतरता उघड व्हायला काही वर्षे लागतात आणि तोवर मूळ कारण रुग्णाच्या लक्षातही राहिलेले नसते.

तेरा जीवनसत्त्वे एका दृष्टिक्षेपात

| जीवनसत्त्व | कशात विरघळते | कमी पडल्यास | जास्त झाल्यास | औषध म्हणून उपयोग |
|---|---|---|---|---|
| अ | मेदात | रातांधळेपणा, डोळ्यांत कोरडेपणा व पांढरट डाग, बुबुळ फुटून अंधत्व | डोकेदुखी, उलट्या, केस गळणे, यकृताला इजा. गर्भात व्यंग | बालकांचे सहामाही डोस, गोवर |
| ड | मेदात | मुलांत मुडदूस, प्रौढांत हाडे मऊ पडणे | रक्तात कॅल्शियम वाढणे, मूत्रपिंडाला इजा | मुडदूस, हाडांचे विकार, मूत्रपिंडाचा जुना आजार |
| ई | मेदात | क्वचित. मज्जातंतूंचा विकार, अपुऱ्या दिवसांच्या बाळात रक्तपेशी फुटणे | रक्तस्रावाची प्रवृत्ती | मेद न शोषले जाण्याचे आजार |
| के | मेदात | रक्त न गोठणे | नैसर्गिक ‘के’चे सहसा नाही, कृत्रिम ‘के-३’मुळे बाळांत कावीळ | नवजात बाळे, वॉरफरिनचा अतिरेक |
| ब-१ (थायामिन) | पाण्यात | बेरीबेरी, दारूच्या व्यसनात मेंदूचा विकार | तोंडाने घेतल्यास ज्ञात नाही | बेरीबेरी, व्यसनी रुग्ण |
| ब-२ (रायबोफ्लेविन) | पाण्यात | ओठांचे कोपरे चिरणे, जीभ लालजांभळी | ज्ञात नाही | कमतरता, अर्धशिशी टाळण्यासाठी |
| ब-३ (नायसिन) | पाण्यात | पेलाग्रा : उन्हातली त्वचा काळवंडणे, जुलाब, भ्रम | चेहरा लाल होऊन आग, यकृताला इजा | पेलाग्रा, पूर्वी कोलेस्टेरॉलसाठी |
| ब-५ (पँटोथेनिक आम्ल) | पाण्यात | फार क्वचित; तळपायांची आग | फार मोठ्या मात्रेत जुलाब | स्वतंत्र उपयोग फारसा नाही |
| ब-६ (पायरिडॉक्सिन) | पाण्यात | हातापायांत मुंग्या, रक्तक्षय, बाळांत झटके | संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंना इजा | क्षयाच्या आयसोनियाझिडबरोबर |
| ब-७ (बायोटिन) | पाण्यात | क्वचित. केस गळणे, त्वचेवर पुरळ | रक्तचाचण्यांचे चुकीचे निष्कर्ष | काही जन्मजात विकार |
| ब-९ (फॉलिक आम्ल) | पाण्यात | मोठ्या पेशींचा रक्तक्षय, गर्भाच्या मणक्यात दोष | ‘ब-१२’ची कमतरता झाकली जाणे | गर्भधारणेआधी व गरोदरपणी |
| ब-१२ (कोबालामिन) | पाण्यात | मोठ्या पेशींचा रक्तक्षय, मज्जारज्जूचा विकार | ज्ञात नाही | कमतरता; एक प्रकार सायनाइडच्या विषबाधेत |
| क | पाण्यात | स्कर्व्ही : हिरड्यांतून रक्त, जखमा न भरणे | जुलाब, मुतखडे | स्कर्व्ही, लोहाचे शोषण वाढवण्यासाठी |

साठ्याची दुसरी बाजू : ‘ड’ची विषबाधा

मेदात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वाचा जास्तीचा भाग शरीराला लघवीवाटे झटकन बाहेर टाकता येत नाही. ‘अ’ आणि ‘ड’ यांची विषबाधा खरोखर होते ती म्हणून. गाजर-पपईतील कॅरोटीन कितीही खाल्ले तरी हे घडत नाही. शरीर गरजेपुरतेच ‘अ’ बनवते आणि फार तर तळहात पिवळे दिसतात. प्राण्यांच्या यकृतातील किंवा गोळीतील तयार ‘अ’ला असा लगाम नाही. गरोदरपणात ते रोज १०,००० युनिटच्या वर जाऊ देत नाहीत. तीव्र मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे ‘अ’चेच भावंड असल्याने ते चालू असताना गर्भधारणा टाळावीच लागते.

भारतात सध्या ‘ड’चा अतिरेक जास्त पाहायला मिळतो आणि त्याचे कारण बहुतेक वेळा डोसची चूक असते. कमतरतेसाठी ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ आठवडे आणि त्यानंतर महिन्यातून एकदा, अशी नेहमीची पद्धत आहे. आठ आठवड्यांत ४,८०,००० युनिट पोटात जातात, म्हणजे दिवसाला सरासरी साडेआठ हजार. कमतरता भरून काढायला मर्यादित काळासाठी हे ठीक आहे. प्रौढाची रोजची गरज मात्र ६०० युनिट आणि दीर्घकाळ घेण्याची सुरक्षित कमाल मर्यादा ४,००० युनिट.

समजा, चिठ्ठीवरचे ‘आठवड्यातून एकदा’ नजरेतून सुटले आणि घरातल्या वृद्ध गृहस्थांनी हीच पुडी आठ आठवडे रोज घेतली. मग ५६ पुड्यांतून ३३,६०,००० युनिट जातात, रोज कमाल मर्यादेच्या पंधरा पट. यकृत त्याचे पुढच्या रूपात रूपांतर करत राहते आणि या पायरीवर शरीराचे नियंत्रण ढिले असते. आतडी आहारातील कॅल्शियम जास्त ओढू लागतात, हाडांतूनही ते सुटते आणि रक्तातील प्रमाण १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या वरच्या मर्यादेपलीकडे जाते.

लक्षणे सुरुवातीला कुणालाही दुसऱ्याच कशाची वाटावीत अशी असतात. भूक मरते, मळमळते, बद्धकोष्ठता होते, खूप तहान लागते आणि रात्री लघवीला वारंवार उठावे लागते. वाढलेल्या कॅल्शियममुळे मूत्रपिंडांना पाणी राखता येत नाही. अंगातले पाणी कमी झाले की कॅल्शियम आणखी वाढते. पुढे रुग्ण सुस्तावतो, असंबद्ध बोलतो. घरच्यांना विसराळूपणा वाढल्यासारखे वाटते आणि रक्तातले क्रिएटिनिन तोवर चढलेले असते. तपासणीत कॅल्शियम जास्त, पॅराथायरॉइडचे संप्रेरक दबलेले आणि ‘ड’ची पातळी १५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर, असे तीनही एकत्र दिसले की निदान पक्के होते.

उपचारात औषध आणि कॅल्शियमच्या गोळ्या ताबडतोब बंद करतात, शिरेतून सलाइन देतात आणि गरजेप्रमाणे स्टेरॉइड किंवा हाडांतून कॅल्शियम सुटणे रोखणारे औषध देतात. कॅल्शियम काही दिवसांत उतरू लागले, तरी चरबीत साठलेले ‘ड’ पुढे कित्येक आठवडे झिरपत राहते, त्यामुळे रक्ततपासणी महिनोन्‌महिने चालू ठेवावी लागते. उन्हामुळे अशी विषबाधा होत नाही, कारण त्वचेत तयार झालेले जास्तीचे ‘ड’ ऊनच मोडून टाकते.

पाण्यात विरघळणारी सगळी निरुपद्रवी नाहीत

‘जास्त झाले तर लघवीतून जाईल’ हा समज ‘ब-६’च्या बाबतीत फसवा आहे. क्षयरोगावरील आयसोनियाझिडमुळे ‘ब-६’ कमी पडते आणि हातापायांना मुंग्या येतात. त्या टाळण्यासाठी रोज १० मिलिग्रॅम किंवा थोडे जास्त ‘ब-६’ पुरते. तेच जीवनसत्त्व शेकडो मिलिग्रॅमच्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतले, तर ते संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंनाच इजा करते आणि पुन्हा मुंग्याच येतात. मुंग्या वाढल्या म्हणून गोळी वाढवली की दुखणे बळावते.

बायोटिनची अडचण वेगळी. केसांसाठीच्या गोळ्यांत ते रोजच्या गरजेच्या शेकडो पट असू शकते. त्यामुळे शरीराला अपाय होत नसला, तरी रक्ततपासणीच्या काही पद्धतींत बायोटिनच वापरलेले असल्याने थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात वाढणारे ट्रोपोनिन खोटेच कमी दिसू शकते, आणि ते जास्त धोक्याचे आहे. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्यापूर्वी प्रयोगशाळेत तसे सांगावे.

फॉलिक आम्ल आणि ‘ब-१२’ची गल्लत

फॉलिक आम्लाची कथा मुंबईत सुरू होते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर कापडगिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला तिथे आली. तिचे काम हाफकिन संस्थेत चालले. या स्त्रियांच्या रक्तात लाल पेशी थोड्या, पण आकाराने मोठ्या दिसत. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या सुधारतात, असे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेण्याचा सल्ला देतात, कारण गर्भाच्या मणक्याची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते आणि तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

मोठ्या पेशींचा हाच रक्तक्षय ‘ब-१२’ कमी पडल्यानेही होतो. पेशींना नवे जनुकीय द्रव्य बनवायला फॉलिक आम्ल लागते आणि ते वापरण्याजोग्या रूपात आणायला ‘ब-१२’ लागते. ‘ब-१२’ नसेल तर फॉलिक आम्ल असूनही अडकून पडते. बाहेरून भरपूर फॉलिक आम्ल दिले की ही अडचण टळते आणि हिमोग्लोबिन वाढते. पण मज्जातंतूंच्या आवरणासाठी ‘ब-१२’च हवे असते. तिथली झीज चालूच राहते.

पन्नाशीतल्या एखाद्या बाईंचे उदाहरण घेऊ. त्या शाकाहारी, दूधही न घेणाऱ्या. मधुमेहासाठी आठ-दहा वर्षे मेटफॉर्मिन चालू, ज्याने ‘ब-१२’चे शोषण घटते. हिमोग्लोबिन ९, लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत हिमोग्लोबिन ११ वर येते आणि थकवा कमी होतो. पायांच्या मुंग्या मात्र वाढतात. त्या मधुमेहाच्या खात्यावर टाकल्या जातात. मग चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. आता मज्जारज्जूच्या मागच्या भागावर परिणाम झालेला असतो. ‘ब-१२’ची पातळी २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली सापडते.

उपचारात १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने आठवडाभर रोज किंवा दिवसाआड, मग महिनाभर आठवड्याला एक आणि त्यानंतर महिन्याला एक देतात. तोंडाने रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळीही चालते. नेहमीचा शोषणमार्ग बिघडला असला तरी मोठ्या मात्रेतील सुमारे एक टक्का आपोआप आत जातो, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, आणि रोजच्या गरजेला ते पुरून उरतात. रक्त साधारण दोन महिन्यांत सुधारते. मज्जातंतूंना सहा महिने किंवा जास्त लागतात आणि उशीर झाला असेल तर काही उणीव कायमची राहते. म्हणून मोठ्या पेशींच्या रक्तक्षयात ‘ब-१२’ तपासल्याशिवाय एकटे फॉलिक आम्ल देऊ नये.

वरच्या तक्त्यातील चौथा रकाना मुख्यतः गोळ्या आणि इंजेक्शनांबद्दल आहे. रोजच्या भाजी-भाकरीने त्यातले जवळपास काहीच घडत नाही. औषध घेताना पुडीवरील मात्रा, दोन डोसांमधले अंतर आणि ते कधी थांबवायचे, या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात. ‘अ’ आणि ‘ड’च्या बाबतीत त्या लिहून घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.